पेशीचक्राचे टप्पे आणि नाके : ४६ खंडांच्या ग्रंथालयाची उपमा कुठवर पुरते?

मृण्मयी_शिकवते

पेशीचक्राच्या स्लाइड्स सगळीकडे सारख्याच. एक गोल, त्यात चार रंगांचे तुकडे, जी-१, एस, जी-२, एम, आणि कडेला तीन लाल दिवे, म्हणजे तपासणीचे नाके. मुलं नावं ओळीनं म्हणून दाखवतात, पण "तिसऱ्या दिव्यापाशी पेशी नेमकं काय बघते?" असं विचारलं की वर्ग गप्प. दिव्याची उपमाच चुकीची वाटते मला. रस्त्यावरचा दिवा घड्याळावर चालतो, समोरच्या गाडीत काय बिघडलंय हे त्याला कळत नाही.

मला एकच उपमा हवी आहे, जी चारही टप्प्यांना आणि तिन्ही नाक्यांना पुरेल. कारखाना, झेरॉक्स यंत्र, घराची वाटणी, सगळं वापरून पाहिलं. एसपर्यंत छान चालतं आणि एममध्ये उपमा बदलावी लागते.

जुना_सूक्ष्मदर्शक

एममध्ये अडतं, कारण या उपमांत एकाचे दोन होतात, पण वाटणी अचूक कशी होते ते येत नाही. पेशीपुढचा कठीण भाग तोच आहे. म्हणून मी ग्रंथालय घेतो.

एका इमारतीत ४६ जाडजूड खंड आहेत, म्हणजे माणसाच्या पेशीतली गुणसूत्रं. या एका ग्रंथालयाची दोन करायची आहेत. दोन्हीकडे प्रत्येक खंडाची एकच प्रत गेली पाहिजे. एकीकडे ४७ आणि दुसरीकडे ४५ अशी वाटणी झाली तर दोन्ही ग्रंथालयं बिघडली.

जी-१ हा नकलेआधीचा काळ. इमारत वाढते, कागद-शाई जमते, लेखनिक येतात. याच काळात प्रत्येक खंडात ठिकठिकाणी चिठ्ठ्या घातल्या जातात : "इथून नक्कल सुरू करा." नक्कल सुरू झाली की ती चिठ्ठी निघते, आणि पुढच्या फेरीच्या जी-१पर्यंत नवी घालायला बंदी असते. कुठलंही पान दोनदा उतरवलं जात नाही ते या बंदीमुळे. स्लाइडवर हे क्वचितच दिसतं, पण चक्र एकाच दिशेनं का फिरतं याचं अर्धं उत्तर इथे आहे.

एस म्हणजे नक्कल. इथे मुलांकडून एक हिशेब जरूर करून घ्या. माणसाच्या पहिल्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरजोड्या आहेत. एक लेखनिक सेकंदाला साधारण ५० अक्षरं उतरवतो. एका चिठ्ठीपासून दोन लेखनिक दोन दिशांना निघतात, म्हणजे सेकंदाला १००. चिठ्ठी एकच असती तर २५ लाख सेकंद लागले असते, म्हणजे जवळजवळ २९ दिवस. एसला मिळतात साधारण ८ तास. तेवढ्यात एक चिठ्ठी जास्तीत जास्त २९ लाख अक्षरं संपवेल. म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या एकाच क्षणी सुरू झाल्या आणि अगदी समान अंतरावर असल्या, तरीही या एका खंडाला ८७ लागतील. प्रत्यक्षात त्या एकदम सुरू होत नाहीत, अंतरंही असमान असतात, त्यामुळे लागतात त्याहून पुष्कळ जास्त.

नक्कल होते तसतशी दोन्ही प्रती दोरीनं एकत्र बांधल्या जातात. ही बांधणी नंतरवर टाकून चालत नाही. ९२ सुटे खंड पडले असते तर कुठली प्रत कुणाची जोडीदार हे कोण ओळखणार? स्लाइडवर या दोरीचं नाव कोहेसिन असतं.

जी-२मध्ये फाटकी पानं सांधली जातात. शेजारीच जुळी प्रत असल्यामुळे तिच्यावरून पाहून अचूक सांधता येतात. जी-१मध्ये ही सोय नव्हती.

आणि एम. वाचनकक्ष बंद, खंड घट्ट गुंडाळलेले, आतल्या दालनाच्या भिंती पाडलेल्या. इमारतीच्या दोन टोकांना दोन चरक उभे राहतात, त्यांच्यापासून दोर निघतात. प्रत्येक जोडीतल्या एका प्रतीला डावीकडचा दोर, दुसरीला उजवीकडचा. सगळ्या जोड्या मधोमध ओढल्या गेल्या की पेटीतली कात्री बाहेर येते आणि कोहेसिनच्या दोऱ्या कापते. कात्रीचं नाव सेपरेज, पेटीच्या कुलपाचं सेक्युरिन. प्रती दोन टोकांना जातात आणि मध्ये भिंत पडते.

प्रयोगशाळेत भराभर वाढणाऱ्या माणसाच्या पेशीत हे सगळं साधारण २४ तासांत होतं : जी-१ला ११, एसला ८, जी-२ला ४ आणि एमला जेमतेम १. गोल काढताना एमचा तुकडा पाव गोलाएवढा काढू नका. तो चोविसावा हिस्सा आहे.

विवेक_०७

मस्त जमलंय. म्हणजे एस संपल्यावर ९२ गुणसूत्रं होतात आणि नाक्यावरचा पहारेकरी ती मोजून "जा" म्हणतो, बरोबर ना? तिन्ही नाक्यांवर तेच. मोजणी बरोबर भरली की दार उघडलं.

रेखा_प

डीएनएचा ऐवज दुप्पट होतो हे बरोबर, आकडा मात्र नाही. गुणसूत्रं मोजायची ती गुणसूत्रबिंदूंवरून, म्हणजे दोरीनं बांधलेले गठ्ठे मोजायचे. दोन प्रती बांधलेल्या असेपर्यंत गठ्ठा एकच. एसच्या आधी ४६, एसनंतर ४६, जी-२मध्ये ४६. कात्री चालते त्या क्षणी पेशीत ९२ होतात आणि भिंत पडली की प्रत्येकीत ४६. ऐवजाचा आलेख आणि संख्येचा आलेख एकाखाली एक काढले तर हा घोळ कायमचा मिटतो : पहिला एसमध्ये चढतो, दुसरा पश्चावस्थेत, म्हणजे प्रती दोन टोकांना निघतात तेव्हा.

माझी मूळ उपमेवरही एक हरकत आहे. "मूळ खंड आणि नक्कल" म्हटलं की मुलांना वाटतं एक खंड जुना राहतो आणि एक पूर्ण नवा होतो. डीएनएत तसं नाही, दोन्ही प्रती अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या असतात. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली हे दाखवलं. उपमेत दुरुस्ती अशी करता येईल : प्रत्येक पान दोन थरांचं आहे, एका थरावरून दुसरा लिहिता येतो. लेखनिक थर सोलून वेगळे करतो आणि दोन्हींना नवा जोडीदार थर लिहून देतो.

जुना_सूक्ष्मदर्शक

रेखाताई, दुरुस्ती मान्य. माझ्या मांडणीतली ती खरी चूक होती.

विवेक, तुमच्या पहारेकऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. नाक्यांचं मर्म तिथेच आहे आणि तीन सारखे लाल दिवे काढणारी स्लाइड तिथेच फसवते.

पेशीत मोजणारा कुणी नाही. एममधल्या नाक्यावर मोजणी होत नाही, घंटा असतात. प्रत्येक प्रतीवर जिथे दोर बांधायचा त्या जागी एक घंटा आहे. दोर बांधलेला नसेल तर ती वाजत राहते, बांधला की थांबते. ४६ गठ्ठ्यांवर मिळून ९२ घंटा. त्यातली एक जरी वाजत असली तरी कात्रीची पेटी बंद. सगळीकडे शांतता झाली की पेटी उघडते. म्हणजे पेशीला "सगळं झालं" असा निरोप कधी मिळतच नाही. तिला "अजून नाही" हा निरोप येत असतो, आणि तो यायचा थांबतो.

हा शब्दच्छल नाही, हे प्रयोगानं दाखवलेलं आहे. १९९५ साली रीडर आणि सहकाऱ्यांनी अशी पेशी निवडली जिच्यात एकाच गुणसूत्राचा एक दोर बांधायचा राहिला होता आणि सगळं काम त्यासाठी थांबलं होतं. त्यांनी लेसरनं बरोबर ती घंटाच जाळली. दोर अजूनही बांधलेला नव्हता, आता तर बांधायला जागाही उरली नव्हती. तरी पेशी काही मिनिटांत पुढे सरकली. तिथे मोजणारा पहारेकरी असता तर ती अडूनच राहिली असती.

आता जी-१चा नाका बघा. तिथे उलटं आहे. बाहेरून "वाढा" असा हुकूम यावा लागतो, म्हणजे वृद्धिघटक. शांतता असेल तर पेशी पुढे जात नाही, बाजूला जाऊन बसते. तीच जी-शून्य. पार्डी यांनी १९७४ साली दाखवलं की जी-१मध्ये एक बिंदू आहे. त्याआधी हुकूम काढून घेतला तर पेशी बसते, नंतर काढून घेतला तर ती फेरी पुरी करूनच थांबते. लेखनिकांच्या कपाटाला आरबी नावाच्या प्रथिनाचं कुलूप असतं. हुकूम पुरेसा वेळ टिकला की ते उघडतं, आणि एकदा उघडल्यावर हुकुमाची गरज उरत नाही.

थोडक्यात, पहिल्या नाक्याला "हो" ऐकू यावं लागतं, तिसऱ्याला "थांबा" ऐकू येणं बंद व्हावं लागतं. दोन्हीकडे एकच लाल दिवा काढला तर हा फरक पुसला जातो.

अन्वी

थोडं विषयांतर होतंय का माहीत नाही. माझ्या रक्ताच्या कॅरियोटाइप अहवालात "२० पेशी तपासल्या, ४६ गुणसूत्रं" असं आहे. पण तुमच्या हिशेबानं एम चोविसातला एकच तास, आणि रक्तातल्या पेशी तर विभागतच नाहीत ना? मग मोजण्यासारख्या २० पेशी सापडल्या कुठून? आणि प्रत्येक गुणसूत्र दुहेरी दिसतं, म्हणजे माझ्याकडे ९२ आहेत का?

रेखा_प

विषयांतर नाही. तुमचा नमुना या धाग्यातल्या दोन नाक्यांमधून गेलेला आहे.

रक्तातले लिम्फोसाइट जी-शून्यमध्ये बसलेले असतात. प्रयोगशाळेत त्यांना फायटोहिमॅग्लुटिनिन देतात, हा एका वनस्पतीतून काढलेला पदार्थ आहे. लिम्फोसाइटला तो "वाढा" असा हुकूमच वाटतो. पहिला नाका असा उघडला जातो. पेशी साधारण ७२ तास ३७ अंशांवर ठेवतात, तेवढ्यात बऱ्याच जणी फेरीत येतात.

मग शेवटच्या थोड्या वेळासाठी कोल्सेमिड घालतात. त्यानं दोर बनणं बंद होतं. दोर नाहीत म्हणजे सगळ्या घंटा वाजत राहणार आणि कात्री निघणार नाही. त्या वेळात ज्या ज्या पेशी एममध्ये शिरतात त्या तिथेच साचतात. एक तासाची अवस्था असूनही पुरेशा पेशी मिळतात त्या अशा. त्यानंतर त्या विरळ पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवतात, सहसा ०.०७५ मोलरच्या. पेशी फुगतात आणि गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. शेवटी तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल यांत ती स्थिर करून काचेवर थेंब सोडतात.

कोल्सेमिड किती वेळ ठेवायचं हे महत्त्वाचं. कमी ठेवलं तर पेशी मोजक्याच मिळतात. जास्त ठेवलं तर गुणसूत्रं आकसून आखूड आणि जाड होतात, पट्टे एकमेकांत मिसळतात आणि छोटा बदल नजरेतून सुटतो.

दुहेरी दिसतात कारण दोरी कापण्याआधीच पेशी अडवलेली आहे. प्रत्येक गठ्ठ्यात दोन प्रती आहेत, पण गठ्ठे ४६च. अहवालाचा अर्थ मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. मी फक्त कृती सांगितली.

मृण्मयी_शिकवते

अन्वी, तुमचा प्रश्न मी आता वर्गात सरळ वापरणार आहे.

दुसरा नाका कुठल्या गटात बसतो? मी स्लाइडवर लिहिलंय : "जी-२ नाका : नक्कल पूर्ण झाली का ते पाहतो." घंटांबद्दल वाचल्यावर "पाहतो" हा शब्द खटकायला लागलाय.

जुना_सूक्ष्मदर्शक

खटकायलाच हवा. तिथेही कुणी पाहत नाही.

नक्कल चालू असते तेव्हा लेखनिकांच्या कामाच्या जागेवरूनच "अजून चालू आहे" असा निरोप जात राहतो आणि एमचा हुकूम दाबून धरला जातो. लेखनिक अडला, पान फाटलं, तर तो निरोप आणखी जोरात जातो. जी-२मध्ये फाटलेल्या टोकांपासूनही तसाच निरोप निघतो. म्हणजे हा नाका तिसऱ्याचा भाऊ, "थांबा" ऐकणारा.

आता या रचनेचा कच्चा दुवा बघा. जिथे लेखनिक कधी पोचलाच नाही तिथून निरोप कोण पाठवणार? यीस्टमध्ये चिठ्ठ्या घालणारं सीडीसी-६ हे प्रथिन काढून टाकलं तर नक्कल सुरूच होत नाही. बघणारा पहारेकरी असता तर त्यानं एक पान उतरलेलं नाही म्हणून पेशी तिथेच अडवली असती. प्रत्यक्षात पेशी एममध्ये शिरते, नक्कल न झालेले खंड जसे आहेत तसे दोन टोकांना ओढले जातात आणि ती मरते. नक्कल अर्धवट राहिली की नाका ओरडतो, सुरूच झाली नाही तर गप्प बसतो. म्हणून स्लाइडवर "नक्कल पूर्ण झाली का?" याऐवजी "नक्कल अजून चालू आहे का? कुठे फाटलंय का?" असं लिहा.

फाटलेल्या पानाबद्दल एक जोड. जी-१मध्ये पान फाटलं तर पी-५३ हे प्रथिन साठत जातं आणि पी-२१ तयार करवून घेतं. पी-२१ लेखनिकांचा परवाना अडकवून ठेवतो. म्हणून पहिल्या नाक्यावर दोन्ही चालतं, बाहेरचं "हो" आणि आतलं "थांबा". पी-५३ बिघडलेल्या पेशीत हे आतलं "थांबा" जातं आणि फाटकी पानं तशीच नकलेत उतरतात. बाहेरच्या हुकुमाची गरज मात्र तेवढ्यानं संपत नाही, त्यासाठी आरबीचं कुलूपही निकामी व्हावं लागतं. मुलं या दोघांची सरमिसळ करतात, स्लाइडवर ते दोन वेगळ्या बाजूंना दाखवा.

विवेक_०७

मोजणीचं माझं चुकलं, पटलं. पण मग घंटेलाही फसवता येईल. दोर बांधलाय, पण चुकीचा बांधलाय. घंटा थांबणार आणि कात्री चालणार!

जुना_सूक्ष्मदर्शक

अगदी बरोबर, आणि निरोगी पेशींतही हे घडतं.

चुकीचे दोन प्रकार वेगळे धरा. पहिल्यात जोडीतल्या दोन्ही प्रतींना एकाच टोकाचे दोर लागतात. जोडी एकाच बाजूला ओढली जाते, समोरून ताण नसतो. असे सैल दोर ऑरोरा-बी नावाचं विकर सोडवून टाकतं. दोर सुटला की घंटा पुन्हा वाजते आणि बांधणी नव्यानं होते. ताण असलेला दोर मात्र टिकतो.

दुसरा प्रकार जास्त कपटी. एका प्रतीला उजवा दोर नीट लागलाय आणि दुसरीला डावा आणि उजवा दोन्ही. सगळीकडे दोर आहेत, ताणही आहे, घंटा शांत. कात्री चालते. एक प्रत आपल्या टोकाला जाते, दुसरी दोन्हीकडून ओढली जाऊन मधोमध रेंगाळते. सूक्ष्मदर्शकाखाली पश्चावस्थेत दोन पुंजक्यांच्या मध्ये एकटं मागे राहिलेलं गुणसूत्र दिसतं ते सहसा हेच. पुष्कळदा डावीकडचे दोर संख्येनं जास्त असल्यामुळे ते उशिरा का होईना, योग्य बाजूला पोचतं. नाही पोचलं तर चुकीच्या बाजूला जातं, किंवा वेगळं पडून त्याचं स्वतःचं छोटं केंद्रक बनतं. तिसऱ्या नाक्यात काहीही बिघाड नसताना ४७-४५ ची वाटणी होऊ शकते ती अशी.

रेखा_प

इथे एका गोष्टीवर मला थांबावंसं वाटतं. घंटा कशानं थांबते, दोर बांधल्यानं की ताणानं? तुम्ही बांधल्यानं म्हणताय. पण ली आणि निकलस यांचा १९९५चाच प्रयोग आहे, प्रार्थनाकीटकाच्या शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींवरचा. तिथे एक एक्स गुणसूत्र जोडीदाराशिवाय, एकाच टोकाला बांधलेलं राहिलं होतं आणि पेशी अडून बसली होती. त्यांनी अतिसूक्ष्म सुईनं ते गुणसूत्र नुसतं ओढून धरलं. नवा दोर बांधला नाही, फक्त ताण दिला. पेशी पुढे गेली.

जुना_सूक्ष्मदर्शक

प्रयोग निर्विवाद आहे, अर्थावर मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, ताण घंटेला थेट थांबवतो. दुसरी म्हणते, ताणामुळे दोर टिकतात, टिकल्यामुळे बांधणी पुरी होते, आणि घंटा थांबते ती बांधणीमुळेच. माझा कल दुसरीकडे आहे, पण सगळ्या प्रकारच्या पेशींत एकच उत्तर असेल असं मी म्हणणार नाही. वर्गासाठी "दोर घट्ट बांधला की घंटा थांबते" एवढं पुरे. "घट्ट" हा शब्द दोन्ही बाजूंना सामावून घेतो.

मृण्मयी_शिकवते

आणि घंटा कधीच थांबली नाही तर? अन्वीच्या नमुन्यात कोल्सेमिड घालून तसंच ठेवलं असतं तर पेशी कायमची अडकली असती?

जुना_सूक्ष्मदर्शक

नाही. एमचा हुकूम म्हणजे सायक्लिन-बी. घंटा वाजत असतानाही तो थोडा थोडा झिजत राहतो. बऱ्याच तासांनी इतका उरतो की एम अवस्था टिकत नाही. पेशी वाटणी न करताच बाहेर पडते, आणि दोन्ही ग्रंथालयांचा ऐवज एकाच इमारतीत राहतो. दुसऱ्या काही पेशी अडकलेल्या असतानाच मरतात. एकाच बशीतल्या, एकाच पेशीपासून वाढलेल्या दोन बहिणींपैकी एक मरते आणि एक निसटते, असंही दिसतं. हुकूम आधी झिजतो की मरणाचा निरोप आधी भरतो, यावर ते ठरतं असं मानतात. टॅक्सॉलसारख्या, पेशींना एममध्येच अडवणाऱ्या औषधाला सगळ्या कर्कपेशी सारखा प्रतिसाद का देत नाहीत, या प्रश्नाची एक बाजू इथे येते.

रेखा_प

मृण्मयी, पहिल्या नाक्याबद्दल स्लाइडवर एक तळटीप ठेवा. पार्डींचा बिंदू जी-१मध्ये आहे हे बरोबर, पण एकेका पेशीचा माग घेतल्यावर असंही दिसलंय की काही पेशी जन्मतःच पुढच्या फेरीला निघालेल्या असतात आणि काही जन्मतःच बसतात. हुकूम आईपेशीच्या काळातच ऐकला गेलेला असतो. आईच्या ग्रंथालयात पानं फाटली असतील तर तिचा पी-२१ लेकींकडे येतो आणि त्या सुरुवातीलाच बसतात. म्हणजे पहिला नाका गोलावर नेमक्या कुठल्या जागी काढायचा हे वाटतं तितकं सरळ नाही. मी तो ठिपक्याऐवजी पट्ट्यासारखा काढते, मागच्या जी-२पासून जी-१च्या उत्तरार्धापर्यंत.

मृण्मयी_शिकवते

पट्टा काढते. तिसऱ्या नाक्याला दिव्याऐवजी घंटा काढलीये, ९२ ठिपके आणि त्यातला एकच लाल. दुसऱ्यापाशी फाटकं पान आणि काम करत असलेला लेखनिक. एक अडचण उरली आहे. चिठ्ठ्या जी-१मध्ये घातल्या जातात आणि एसमध्ये निघतात, हे एकाच गोलावर दाखवायला गेले की चित्र फार भरतं. दुसरी स्लाइड करू की गोलाच्या बाहेर पातळ कडं काढू?

रेखा_प

कडंच काढा. जी-१भर रंगवलेलं, एसमध्ये फिकट होत जाणारं आणि जी-२-एममध्ये कोरं. आणि कोऱ्या भागावर "बंदी" असा शब्द लिहा, नाहीतर मुलांना वाटेल तिथे काहीच घडत नाही.